रातपाळीत बदल आणि वैद्यकीय तपासणीसाठी वेळ मिळण्याबाबत विनंती अर्ज

दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. श्री. विवेक साठे साहेब,
उत्पादन व्यवस्थापक, हीट ट्रीटमेंट विभाग,
चाकण प्रकल्प

अर्जदार: दत्तात्रय बाबूराव काळे, सीनिअर ऑपरेटर, कार्ब्युरायझिंग फर्नेस

विषय: उच्च रक्तदाबामुळे रातपाळीच्या वेळापत्रकात बदल करून मिळणे व नियमित तपासणीसाठी वेळ मिळणे

आदरणीय साहेब,
स.न.वि.वि.

जूनमधल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत माझा रक्तदाब १६८/१०४ निघाला. कंपनीच्या डॉक्टरांनी अर्ध्या तासाने पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मी राजगुरुनगरला फिजिशियनकडे गेलो. ईसीजी, रक्त, लघवी, डोळ्याच्या पडद्याची तपासणी असे सगळे झाले. डोळे आणि मूत्रपिंडे सुदैवाने चांगली आहेत, पण हृदयावर ताण येऊ लागल्याची खूण ईसीजीत दिसली आहे. सध्या टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम अशा दोन गोळ्या रोज सकाळी चालू आहेत. डॉक्टरांचे पत्र, रिपोर्ट आणि घरी ठेवलेल्या नोंदींच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला मी धडधाकट दिसतो, आणि बहुतेक दिवस मलाही काही होत नाही. या आजारात असेच असते. म्हणूनच हा अर्ज लेखी देतो आहे, कारण तोंडी सांगितले तर "दिसतोस तर ठणठणीत" एवढ्यावर गोष्ट संपते. माझ्या वडिलांचे तसेच झाले. त्यांना बीपी होते, त्रास काही नव्हता, म्हणून गोळ्या सुटल्या आणि ५४व्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पुढची सगळी वर्षे आईने त्यांना हाताने भरवले. मी आता ४६चा आहे. डॉक्टरांनी घरच्यांचा इतिहास विचारला तेव्हा हे सांगितले, आणि त्यांनी औषध लगेच सुरू केले त्याचे एक कारण हेही होते.

डॉक्टरांनी मला घरी मशीन घेऊन रोज सकाळ-संध्याकाळ रक्तदाब लिहून ठेवायला सांगितले. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आकडे १३६/८६ च्या आसपास राहिले. सेकंडला थोडे वर, १४०/८८. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मात्र तिसऱ्या दिवसापासून १५८/९८, १६२/१०० असे येऊ लागले, आणि ते खाली यायला पुढच्या आठवड्याचे तीन-चार दिवस गेले. गोळ्या त्याच, खाणे तेच. घरी मीठ कमी केले आहे, लोणचे-पापड बंद आहेत, तंबाखूचे मला व्यसन नाही. बदलली ती फक्त पाळी.

याचे कारण डॉक्टरांनी सोप्या शब्दांत समजावले. रात्रीच्या झोपेत माणसाचा रक्तदाब दहा ते वीस टक्के खाली येतो आणि तेवढा वेळ हृदयाला, रक्तवाहिन्यांना उसंत मिळते. रात्री जागून काम केले की ती उसंत हुकते, आणि दिवसा झोपून ती पुरती भरून येत नाही. त्यात माझी दिवसाची झोप म्हणजे पत्र्याचे घर, समोर वाडा रोडची वाहतूक, दुपारी शाळेतून येणारी मुले. सलग चार तास मिळाले तरी पुष्कळ. गोळीची वेळही चुकते. रातपाळीवरून बस घरी सोडते तेव्हा आठ वाजलेले असतात, डोळे मिटत असतात, आणि उठल्यावर सकाळची गोळी दुपारी दोनला घेतली जाते. अशा हुकलेल्या वेळा नोंदवहीत दिसतील.

साहेब, यात आपल्या विभागाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. फर्नेस ९२० अंशावर असते. चार्ज बाहेर काढून तेलात सोडायचा तो क्षण किती जपायचा असतो हे आपल्याला मी सांगायला नको; चार्ज अर्धवट बुडालेला राहिला की तेल पेट घ्यायला वेळ लागत नाही. गोळ्यांचा डोस बदलला की पहिले काही दिवस उठता-बसता चक्कर येऊ शकते, असे डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिले आहे. पहाटे चारला, झोप अपुरी, त्यात नवा डोस, आणि हातात क्रेनचे पेंडंट, हे एकत्र येऊ नये असे मला मनापासून वाटते. माझ्या शेजारी ट्रेनी मुले उभी असतात.

म्हणून माझी विनंती अशी आहे.

३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळपास तीन महिने, मला थर्ड शिफ्ट देऊ नये. फर्स्ट आणि सेकंड या दोन्ही पाळ्यांना डॉक्टरांची हरकत नाही. ऑक्टोबरअखेर ते पुन्हा तपासून पत्र देतील. तोवर रक्तदाब सलग १४०/९० च्या खाली राहिला, तर नोव्हेंबरपासून सहा आठवड्यांत एक रातपाळी करायला मी तयार आहे. मात्र तेव्हा सध्याचा उलटा क्रम, म्हणजे फर्स्टवरून थर्ड आणि थर्डवरून सेकंड, माझ्यापुरता बदलावा. फर्स्ट, सेकंड, थर्ड असा पुढे जाणारा क्रम शरीराला कमी जड जातो. खरे तर हा बदल चौघाही ऑपरेटरना सोयीचा होईल, पण तो निर्णय आपला.

रिलिव्हर आला नाही की आधीच्या पाळीच्या माणसाने थांबायचे, हा आपला रिवाज आहे आणि मी तो आजवर पाळला आहे. या तीन महिन्यांत मला सेकंडवरून पुढे थर्डला थांबवू नये. सोळा तास उभे राहणे डॉक्टरांनी साफ मना केले आहे. पायाला सूजही येते, ती ॲम्लोडिपिनने येऊ शकते असे ते म्हणाले.

तपासणीचे असे. सप्टेंबरअखेरपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्यातून एकदा जायचे आहे. डॉक्टरांची ओपीडी सकाळी दहा ते एक. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी परस्पर जाऊन येईन, कंपनीचा एक मिनिटही लागणार नाही. तारीख फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आली तर मला साडेनऊचा गेटपास आणि अर्ध्या दिवसाची सिक लीव्ह मिळावी. तारीख मी किमान चार दिवस आधी शिफ्ट इन्चार्जना कळवीन, म्हणजे चार्ज त्या हिशेबाने लावता येईल. टेल्मिसार्टन चालू असताना क्रिएटिनिन आणि पोटॅशियम अधूनमधून पाहावे लागते. त्याचे रक्त त्याच दिवशी देईन, वेगळी सुट्टी लागणार नाही.

एका गोष्टीसाठी मात्र वेगळी सोय हवी आहे. सप्टेंबरमध्ये डॉक्टर चोवीस तासांचे बीपी मशीन दंडाला बांधणार आहेत. त्याचा पट्टा ठरावीक वेळाने आपोआप फुगतो आणि तेवढा वेळ हात स्थिर ठेवावा लागतो. नोंद कामाच्या दिवसाची हवी, घरी झोपून केलेल्या दिवसाची नको, असे त्यांचे म्हणणे आहे. पण ते बांधून फर्नेसजवळ किंवा क्रेनखाली जाणे योग्य नाही. त्या एका दिवसासाठी मला ऑफिसमध्ये बसवावे. फर्नेसचे तापमानाचे चार्ट आणि केस डेप्थचे रिपोर्ट जुळवून फाइल करण्याचे काम ऑडिटच्या आधी करायचेच आहे, ते मी त्या दिवशी पुरे करीन.

डोस बदलल्यावर पहिला आठवडा पेंडंट दुसऱ्याच्या हाती असावे आणि मी पॅनेलवर असावे. दर सोमवारी ड्युटीवर येताना ओएचसीमध्ये बीपी मोजून घेईन. १८०/११० किंवा त्याहून जास्त निघाले, तर त्या दिवशी फर्नेसवर न जाता थेट डॉक्टरांकडे जायचे, असे पत्रात लिहिलेले आहे.

माणसांची जुळवाजुळव कशी होईल हा आपला पहिला प्रश्न असणार, म्हणून आधीच बोलून ठेवले आहे. तीन महिन्यांत माझ्या वाट्याला साधारण चार आठवडे रातपाळी येते. त्यातले तीन आठवडे गणेश घ्यायला तयार आहे. त्याची जुन्नरकडे शेती आहे, दिवसा मोकळा असला की त्याला बरेच पडते, आणि रातपाळीचा भत्ताही त्याला हवा आहे. उरलेला एक आठवडा पठाणभाई घेतील. बदल्यात त्यांच्या सेकंड शिफ्ट मी करीन. २७ ऑगस्टला गणपती बसतात. त्या दहा दिवसांत संध्याकाळची आरती चुकू नये म्हणून सेकंडला कोणी सहज तयार नसते. ती पाळी पूर्ण दहा दिवस मी घेतो. दोघांनी होकार तोंडी दिला आहे, आपण एकदा विचारून खात्री करून घ्यावी. माझा रातपाळीचा भत्ता जाईल, त्याबद्दल तक्रार नाही.

दसरा-दिवाळीच्या आधी डिस्पॅचचा ताण वाढतो हे मला ठाऊक आहे. त्या काळात मी दिवसपाळीत दोन्ही ट्रेनींना पूर्ण सायकल शिकवून तयार करतो: गॅसचे प्रमाण, सोकिंगचा वेळ, क्वेंच तेलाचे तापमान, टेस्ट पीस कापून तपासणे. आज फर्नेस समजणारी माणसे फक्त चार आहेत. सहा झाली तर पुढे कोणाच्याही आजारपणात विभाग अडणार नाही.

एक विनंती जरा संकोचाने करतो. शॉपवर याला "लाइट ड्युटी" म्हणू नये. काम मी पूर्ण तेवढेच करणार आहे, वेळ तेवढी बदलून मागतो आहे. माझ्या आजाराची माहिती आपण, शिफ्ट इन्चार्ज, एचआर आणि ओएचसी यांच्यापुरती राहावी. गणेश आणि पठाणभाईंना मी स्वतः सांगितले आहे. बाकीच्यांना सांगायचे की नाही ते मला ठरवू द्यावे. तसेच या तीन महिन्यांतल्या पाळीबदलाचा परिणाम वार्षिक मूल्यमापनावर होऊ नये, अशी अपेक्षा आहे.

माझी पुढची रातपाळी सोमवार, १८ ऑगस्टपासून लागली आहे. त्याआधी निर्णय झाला तर गणेशला आपल्या शेतीच्या कामाची आखणी करता येईल. त्यासाठी येत्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांची भेट द्यावी. मी त्या आठवड्यात फर्स्टला आहे, तीननंतर केव्हाही वर ऑफिसात येऊ शकतो. डॉक्टरांना काही विचारायचे असल्यास कंपनीच्या डॉक्टरांनी त्यांच्याशी थेट बोलावे, माझी परवानगी आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
दत्तात्रय बाबूराव काळे
राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे

सोबत:
डॉक्टरांचे पत्र
ईसीजी व रक्त तपासणीचे रिपोर्ट
घरच्या रक्तदाब नोंदींची प्रत

प्रत माहितीसाठी: एचआर विभाग, ओएचसी