वार्षिक सर्वसाधारण सभा, दि. 14 सप्टेंबर 2025 : ध्वनिमुद्रणावरून केलेला ठराव व मतमोजणीचा सारांश

डोंबिवली पूर्व येथील आपल्या तीन विंगांच्या, 84 सदनिकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची 2024-25 या वर्षाची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. 14 सप्टेंबर 2025 रोजी संस्थेच्या आवारातील मंडपात झाली. सभेचे संपूर्ण ध्वनिमुद्रण ऐकून, त्यातील मंजूर-नामंजूर ठराव आणि प्रत्येकावरील मते लिहून काढण्याचे काम सभेने अखेरच्या विषयात माझ्याकडे सोपवले. त्यानुसार हा सारांश सादर आहे. हे सभेचे इतिवृत्त नव्हे. इतिवृत्त सचिवांनी लिहावयाचे असून ते लिहिताना आधार म्हणून या सारांशाचा उपयोग व्हावा, इतकाच याचा हेतू आहे.

ध्वनिमुद्रण दोन भागांत असून ते एकूण 3 तास 12 मिनिटांचे आहे. पहिला भाग संपून दुसरा सुरू होईपर्यंत सुमारे चार मिनिटांचा खंड पडला आहे. हा वेळ चहाचा होता आणि त्यात कोणताही विषय चर्चेला आला नाही, असे अध्यक्ष व सचिव या दोघांनी लेखी कळवले आहे. बोलणाऱ्यांचा उल्लेख नावाने न करता सदनिका क्रमांकाने किंवा पदाने केला आहे. एखादे विधान कोणत्या आवाजात केले गेले, त्यावर कोण हसले, कोण उठून गेले, हे लिहिलेले नाही. सूचक, अनुमोदक आणि मतदान या तिन्ही गोष्टी ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू आल्या तरच त्या बाबीला येथे ‘ठराव’ म्हटले आहे. ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ या प्रश्नानंतर आलेला एकत्रित होकार मी मतदान म्हणून धरलेला नाही, मात्र अध्यक्षांनी त्यानंतर ‘विरोध कोणाचा?’ असे विचारून कोणीही हात वर केला नाही, तेथे ‘एकमताने’ असे लिहिले आहे.

सभेची सूचना 28 ऑगस्ट रोजी दिली गेल्याचे सचिवांनी वाचून दाखवले. सकाळी 10 वाजता 17 सदस्य हजर होते. गणपूर्तीसाठी एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश किंवा 20 यांपैकी जी संख्या कमी असेल ती, म्हणजे 20, आवश्यक असल्याने अध्यक्षांनी सभा अर्धा तास तहकूब केली आणि सूचनेत आधीच नमूद केल्याप्रमाणे ती त्याच जागी 10.30 वाजता पुन्हा सुरू झाली, तेव्हा उपस्थिती 41 होती. क-विंगमधील एका सदस्याच्या मुलाने आईच्या वतीने मत देण्याची परवानगी मागितली. उपविधीनुसार प्रतिनिधी किंवा मुखत्यारपत्रधारक सभेत भाग घेऊ शकत नाही, असे सांगून अध्यक्षांनी ती नाकारली. ते पुढे मंडपात बसून राहिले, परंतु त्यांची गणना कोठेही नाही.

ठराव क्र. 1 ते 3 फारशा चर्चेविना झाले. दि. 22 सप्टेंबर 2024 च्या सभेचे इतिवृत्त, पान 4 वरील पाण्याच्या टाकीच्या खर्चाचा आकडा 1,18,000 ऐवजी 1,81,000 असा दुरुस्त करून, एकमताने कायम करण्यात आले (क्र. 1). 31 मार्च 2025 अखेरचा वार्षिक अहवाल, ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक यांना बाजूने 37, विरोधी 1, तटस्थ 3 अशी मान्यता मिळाली (क्र. 2), विरोधी मत सदनिका ब-302 यांचे असून लिफ्टच्या वार्षिक देखभाल कराराची प्रत अहवालासोबत जोडलेली नाही, हे कारण नोंदवावे असे त्यांनी सांगितले, म्हणून ते येथे नोंदवले आहे. लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरील दोषदुरुस्ती अहवाल वाचून झाल्यावर 2025-26 साठी शासनाच्या नामिकेवरील विद्यमान लेखापरीक्षकांचीच नेमणूक एकमताने झाली (क्र. 3). ही त्यांची दुसरी सलग नेमणूक असल्याचे सचिवांनी सांगितले.

थकबाकीच्या विषयावर ठराव झाला नाही. 14 सदनिकांकडे मिळून 6,42,300 रुपये येणे असल्याची माहिती खजिनदारांनी दिली. थकबाकीदारांची नावे सभेत वाचावीत, अशी मागणी दोघांनी केली आणि तिघांनी तिला विरोध केला. अध्यक्षांनी नावे न वाचता यादी कार्यालयात पाहण्यास ठेवण्याचे ठरवले. हा अध्यक्षांचा निर्णय आहे, सभेचा ठराव नव्हे, आणि सदस्यांमध्ये सभेनंतर फिरणाऱ्या संदेशांत त्याला ठराव म्हटले गेल्यामुळे हा फरक मी मुद्दाम स्पष्ट करीत आहे.

यानंतरच्या दोन विषयांना सभेचा निम्म्याहून अधिक वेळ लागला. दरम्यान तीन सदस्य येऊन उपस्थिती 44 झाली.

सेवाशुल्क प्रति सदनिका दरमहा 2,100 वरून 2,600 रुपये करण्याचा ठराव खजिनदारांनी मांडला व अ-104 यांनी अनुमोदन दिले. सुरक्षारक्षकांची वेतनवाढ आणि सामायिक विजेचे देयक ही दोन कारणे त्यांनी दिली. क-501 यांनी शुल्क क्षेत्रफळानुसार आकारावे, असे म्हटले. सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते, क्षेत्रफळाचा आधार त्याला लागू होत नाही, असे उत्तर सचिवांनी उपविधीतील तरतूद वाचून दिले. क-501 यांनी आपले म्हणणे उपसूचना म्हणून मांडले नाही, त्यामुळे त्यावर मतदान नाही. ब-204 यांनी मात्र 2,600 ऐवजी 2,400 अशी रीतसर उपसूचना मांडली, तिला ब-403 यांचे अनुमोदन मिळाले आणि प्रथेप्रमाणे ती आधी मतास टाकण्यात आली : बाजूने 20, विरोधी 23, तटस्थ 1. उपसूचना नामंजूर झाली. त्यानंतर मूळ ठरावावर बाजूने 26, विरोधी 16, तटस्थ 2 अशी मते पडून ठराव क्र. 4 मंजूर झाला. वाढ 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू होईल. भाडेकरू असलेल्या सदनिकांकडून बिनभोगवटा शुल्क दरमहा 500 रुपये घ्यावे, ही सूचना याच चर्चेत आली होती. राज्य शासनाच्या ऑगस्ट 2001 च्या आदेशानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही, असे अध्यक्षांनी सांगितल्यावर ती मागे घेण्यात आली. वाढीव सेवाशुल्कामुळे ते आपोआप 210 वरून 260 रुपये होईल.

बाह्य रंगकाम व वॉटरप्रूफिंगच्या विषयात मतमोजणी दोनदा झाली, म्हणून त्याचा क्रम तपशीलवार देत आहे. समितीने मांडलेला एकूण खर्च 39,20,000 रुपये असून त्यातील 14,00,000 दुरुस्ती निधीतून आणि उरलेले 25,20,000 प्रति सदनिका 30,000 प्रमाणे, नोव्हेंबर, जानेवारी व मार्च अशा तीन समान हप्त्यांत गोळा करावयाचे आहेत. सूचक अ-302, अनुमोदक ब-101. इमारतीला 1994 मध्ये भोगवटा मिळाला असल्याने ती आता तीस वर्षांवरील असून अशा इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करणे उपविधीप्रमाणे आवश्यक आहे, शेवटचे ऑडिट 2021 मध्ये झाले, तेव्हा आधी खांब-तुळया तपासून घ्याव्यात आणि मग रंग लावावा, असे क-202 यांनी सांगितले. पहिला हप्ता लांबला तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण होणार नाही, असे अ-302 यांचे म्हणणे होते. सुमारे पंचवीस मिनिटांच्या चर्चेनंतर, हप्ते ठरल्याप्रमाणे गोळा करावेत परंतु स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल हाती आल्याखेरीज निविदा उघडू नयेत, ही दुरुस्ती सूचकांनी स्वतःच स्वीकारली. त्यामुळे दुरुस्तीवर वेगळे मतदान झाले नाही आणि दुरुस्त ठराव मतास आला.

पहिल्या मोजणीत बाजूने 27 व विरोधी 19, अशी एकूण 46 मते सचिवांनी जाहीर केली. उपस्थिती 44 असल्याकडे क-202 यांनी लक्ष वेधले. ब आणि क विंगमधील प्रत्येकी एका सदनिकेतील दोन्ही संयुक्त सदस्यांनी हात वर केले होते, असे तेथेच निष्पन्न झाले. एका सदनिकेला एकच मत असल्याने अध्यक्षांनी पहिली मोजणी रद्द करून विंगनिहाय फेरमोजणी घेतली : अ-विंग बाजूने 9, विरोधी 5, ब-विंग 10 व 6, क-विंग 7 व 7. एकूण बाजूने 26, विरोधी 18, तटस्थ कोणी नाही. ठराव क्र. 5 मंजूर झाला. दोन्ही आकडे ध्वनिमुद्रणात असले तरी वैध मोजणी दुसरीच आहे. पहिली येथे का लिहिली, असा प्रश्न येऊ शकतो, परंतु मुद्रण ऐकणाऱ्याला ती ऐकू येणारच आणि ती सारांशात नसल्यास नसलेल्या शंका निर्माण होतील.

चहानंतर पाच सदस्य निघून गेले व उपस्थिती 39 राहिली. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी पाहुण्यांच्या पार्किंगमधील दोन जागांवर सामायिक चार्जर बसवण्याचा ठराव ब-502 यांनी मांडला, अनुमोदन अ-401 यांचे. अध्यक्षांनी मत दिले नाही. बाजूने 18, विरोधी 18, तटस्थ 2 अशी समसमान मते पडल्याने अध्यक्षांनी आपले निर्णायक मत विरोधी दिले आणि ठराव क्र. 6 नामंजूर झाल्याचे जाहीर केले. सदस्याने आपल्या नेमून दिलेल्या जागेत स्वखर्चाने चार्जर बसवण्याचा प्रश्न या ठरावात नव्हता आणि त्याविषयी सभेने काही ठरवलेले नाही.

अध्यक्षांच्या परवानगीने आलेल्या विषयांत कुत्र्यांना खाणे घालण्याची जागा, जिन्यातील चपलांची कपाटे आणि पुनर्विकास यांचा उल्लेख झाला. पुनर्विकासासाठी शासनाच्या 4 जुलै 2019 च्या निर्देशांप्रमाणे स्वतंत्र विशेष सभा बोलवावी लागते, असे सांगून अध्यक्षांनी त्यावर चर्चा घेतली नाही. त्यामुळे सभेने पुनर्विकासाला ‘होकार’ दिला किंवा ‘नकार’ दिला, यांपैकी कोणतेही विधान ध्वनिमुद्रणाशी जुळत नाही.

हा सारांश तयार करण्याचे काम अ-203 कडे सोपवण्याचा ठराव क्र. 7 एकमताने झाला. मी त्या वेळी हजर होतो आणि हात वर केला नव्हता. एकमताच्या नोंदीला त्याने बाधा येत नाही, तरी ते येथे लिहिणे योग्य वाटते. आभारप्रदर्शनानंतर दुपारी 1.46 वाजता सभा संपली.

ज्या सदस्यांना कोणताही आकडा किंवा वाक्य ध्वनिमुद्रणाशी विसंगत वाटेल, त्यांनी 15 ऑक्टोबर 2025 पर्यंत ठराव क्रमांक आणि मुद्रणातील अंदाजे वेळ नमूद करून संस्थेच्या कार्यालयात लेखी कळवावे. मुद्रणाची प्रत तेथे सायंकाळी 6 ते 8 या वेळेत ऐकता येईल.

सारांशलेखक, सदस्य, सदनिका अ-203
दि. 24 सप्टेंबर 2025