मूल्यांकन अहवालाच्या फेरविचाराबाबत

मा. मूल्यांकनकार,
(प्रत : कर्ज विभाग)

सप्रेम नमस्कार.

चौथ्या मजल्यावरील ६८ चौरस मीटर चटई क्षेत्राच्या सदनिकेचे आपण केलेले मूल्यांकन ठरलेल्या खरेदी किमतीपेक्षा ९ टक्क्यांनी कमी आहे. त्यामुळे मंजूर होणारे कर्जही घटते. या मूल्यांकनाला माझी हरकत आहे.

अहवालात तुलनेसाठी तीन व्यवहार घेतले आहेत. पहिला दीड वर्षापूर्वीचा; त्यानंतरचा भावबदल धरलेला दिसत नाही. दुसरी सदनिका लिफ्ट नसलेल्या, बऱ्याच जुन्या इमारतीतली आहे. तिसरा व्यवहार तर थकीत कर्जापोटी झालेल्या लिलावाचा. सक्तीच्या विक्रीचा दर खुल्या बाजाराचा दर म्हणून धरणे मला अजिबात पटत नाही.

याच इमारतीत गेल्या सहा महिन्यांत दुसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरील सदनिका विकल्या गेल्या. दोन्हींचा प्रति चौरस मीटर दर आमच्या दराच्या जवळपास आहे. नोंदणीकृत दस्तांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. शिवाय अहवालात पार्किंगचा उल्लेखच नाही. ते विक्री करारात समाविष्ट आहे.

कृपया हे व्यवहार तपासून मूल्यांकनाचा फेरविचार करावा. आकडा कायम ठेवणार असाल, तर प्रत्येक तुलनेत केलेली वजावट कारणांसह लेखी कळवावी. करारातील कर्जमंजुरीची मुदत या महिनाअखेर संपते, म्हणून आठवड्याभरात उत्तर मिळावे ही विनंती.

आपली विश्वासू,
कर्ज अर्जदार व खरेदीदार