ग्रेपनेट नोंदणी: १४ प्लॉटचे कागद बाकी, गुरुवारी ४ पर्यंत

सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी ८.१५ (फील्ड टीम, तासगाव ग्रुप)

मंडळी, नमस्कार.

यंदाच्या ६२ प्लॉटपैकी ४८ च्या फायली पूर्ण आहेत. छाटण्या पावसानं मागेपुढे झाल्या, निम्मा वेळ डाऊनीच्या फवारण्यांत गेला, तरी एवढं झालं. १४ प्लॉटचे कागद यायचे आहेत:

संतोषदादा, सावळज: ३
प्रियांका, मणेराजुरी: ५
अमोल, कवठेमहांकाळ: २
शुभांगीताई, पलूस: १
नितीन, आरग-बेडग: ३

कोणत्या प्लॉटचा कोणता कागद नाही, ती यादी इम्राननं प्रत्येकाला वेगळी पाठवली आहे. त्यामुळे "माझं काय राहिलंय?" हे शोधत बसायला नको. आकडा चुकीचा वाटला तर इथेच सांगा, लगेच दुरुस्त करतो.

कागद *गुरुवारी, २० तारखेला, दुपारी ४ पर्यंत* हवेत. शुक्रवारी सकाळी दोन गाड्या निघतील. एक तासगाव आणि पलूसच्या कृषी कार्यालयात जाईल, दुसरी कवठेमहांकाळ करून मिरजेला. शनिवार-रविवार कार्यालयं बंद, म्हणजे शुक्रवार हुकला की थेट पुढचा आठवडा. प्लॉट तपासणीची फेरी गावागावानं लागते. गावातले सगळे प्लॉट एकदम गेले तर एकाच फेरीत होतात, एखादा मागे राहिला तर त्या एकासाठी पुन्हा वेळ मागावी लागते.

आज मला कागद नकोत, फक्त एक ओळ हवी. *गाव, किती प्लॉट, कोणता वार.* उदाहरणार्थ:

"सावळज, २ बुधवारी, १ अडलाय, सातबारा सामाईक."

बस, एवढंच. संध्याकाळी ६ पर्यंत टाका, म्हणजे गाड्यांचं आणि इम्रानच्या स्कॅनिंगचं ठरवता येईल. अंगठा नको, वार हवा. "अजून हात लावलेला नाही, मंगळवारी बसतो" हेही उत्तर चालेल. अडलेलं आज कळलं तर हातात तीन दिवस आहेत.

नेहमी जिथं अडतं त्याबद्दल थोडं.

सातबारा: तलाठी भाऊसाहेब गावात सापडेपर्यंत थांबू नका. digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो आणि तो चालतो. पैसे स्वतःच्या खिशातून घालू नका, इम्रानला गट नंबर द्या, तो इथून काढेल. पीक रकान्यात द्राक्ष दिसत नसेल, उसाची नोंद असेल किंवा रकाना कोरा असेल, तर सातबारा आहे तसाच पाठवा आणि खाली तसं लिहा. पुढचं तलाठ्यांशी मी बोलतो, त्यासाठी शेतकऱ्याला हेलपाटे नकोत.

सामाईक खातं: भावाभावांचं खातं असेल तर संमतीपत्र लागतं आणि आपल्या फायलीला मूळ सही लागते, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. भाऊ पुण्या-मुंबईला असेल तर तो कधी येणार ते विचारून ठेवा. कोऱ्या नमुन्याच्या प्रती ऑफिसात टेबलावर आहेत.

फवारणी नोंदवही: हिच्यावर जरा जास्त बोलतो, कारण १४ पैकी ८ ठिकाणी हीच अडली आहे. छाटणीपासून आजपर्यंतच्या पानांचे फोटो हवेत. तारीख, औषध, त्यातला घटक आणि मात्रा वाचता आली पाहिजे. अक्षर कसंही असो, फोटो उजेडात काढा. मधल्या काही तारखा कोऱ्या असतील तर *कोऱ्याच पाठवा.* शेतकऱ्याच्या शेजारी बसून आठवून-आठवून भरू नका, औषध दुकानाची बिलं असतील तर त्यांचे फोटो सोबत जोडा. काढणीआधी नमुना लॅबला जाणार, तिथं जो अंश सापडेल तो वहीशी जुळला नाही तर वही नसल्यापेक्षा वाईट. २०१० साली सीसीसीच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते. तुमच्यातल्या निम्म्यांनी तेव्हा बाग पाहिलीही नसेल, पण जुन्या बागायतदारांना विचारा, त्यांना अजून आठवतं.

वही का मागतोय, असं कुणी बागायतदार विचारेल तर त्याला सरळ सांगा: प्लॉटला नोंदणी नंबर नाही तर नमुना घेतला जात नाही, नमुना नाही तर माल एक्सपोर्टला भरता येत नाही. मग लोकल मार्केट, नाहीतर बेदाणा. त्यांना हिशोब आपल्यापेक्षा चांगला कळतो.

मी आज दुपारपर्यंत मणेराजुरीत आहे, प्रियांकाचे ५ असल्यानं तिच्याबरोबर दोन घरी जातोय. दुपारनंतर ऑफिसात. फोन केला तरी चालेल, पण ओळ ग्रुपवरच टाका, म्हणजे दुसऱ्याचा तोच प्रश्न सुटतो.

वैभव

---

बुधवार, १९ नोव्हेंबर, सकाळी ९.०० (त्याच ग्रुपवर)

मंडळी, १४ पैकी ९ आले. सावळजचे तिन्ही, कवठेमहांकाळचे दोन्ही, पलूसचा एक, मणेराजुरीचे तीन. संतोषदादांनी कोऱ्या तारखा कोऱ्याच ठेवून दुकानाची बिलं जोडली आहेत. अशीच वही हवी होती, इम्रान नमुना म्हणून ग्रुपवर टाकतोय, नाव झाकून.

मणेराजुरीचे उरलेले दोन सामाईक खात्याचे आहेत. भाऊ रविवारी गावी येणार, म्हणून ते दोन पुढच्या आठवड्याच्या फेरीत. प्रियांकानं सोमवारीच सांगितलं होतं, त्यामुळे कृषी कार्यालयाशी आधीच बोलून ठेवलं. त्या दोघांना आता फोन करू नका.

उरले ३, त्यांचं मी बघतो. ज्यांचं झालंय त्यांना या विषयावर माझा आणखी मेसेज येणार नाही.

---

बुधवार, सकाळी ९.१० (नितीनला, वैयक्तिक)

नितीन, सोमवारपासून तुझी ओळ आली नाही, म्हणून ग्रुपवर न विचारता इथं लिहितोय. आरगला परवा पुन्हा पाऊस झाला असं ऐकलं, तू बागेतच अडकला असशील.

इम्रानच्या यादीप्रमाणे तुझ्या तिन्ही प्लॉटचे सातबारे आणि नकाशे आलेले आहेत. फक्त वह्यांचे फोटो राहिलेत, म्हणजे तीन घरं. दोन मार्ग दिसतात. तू आज संध्याकाळी जाणार असशील तर तसं कळव, मी वाट बघतो. नसेल जमत, तर उद्या सकाळी मला मिरजेकडे यायचंच आहे, बेडगचं घर मी करतो, आरगची दोन तू कर. बेडगच्या काकांना मी येतोय एवढा एक फोन मात्र तू करून ठेव, ते मला ओळखत नाहीत.

"आज" किंवा "उद्या तुम्ही" एवढंच लिही. आणि वही देण्यावरून कुणी कुरकुर करत असेल तर तेही सांग, मग मी बेडगऐवजी आधी त्यांच्याकडे जातो.