रविवारच्या सामन्याआधी भाच्यासाठी लिहिलेल्या ओळी

बडोदे, गुरुवार, 12 फेब्रुवारी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

परवा नेट्स संपल्यावर तू पॅड सोडता सोडता म्हणालास, "मामा, मला काहीतरी लिहून द्या. डोक्यात फार गोंधळ असतो, ऐकलेले काही टिकत नाही." म्हणून या ओळी लिहीत आहे. शनिवारी रात्री एकदा आणि रविवारी पॅड बांधून बसल्यावर एकदा वाच, मग कागद किटबॅगेत ठेवून दे. त्वेष चढावा म्हणून मी लिहीत नाही. तुला थोडे शांतपणे बसता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

आधी आकडे पाहू, कारण तू ते टाळतोस आणि टाळलेले आकडे रात्री मोठे होऊन समोर येतात. नोव्हेंबरपासून तुझ्या अकरा डावांत 4, 11, 0, 17, 2, 23, 9, 0, 6, 14 आणि 3 अशा 89 धावा झाल्या आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या फलंदाजासाठी त्या कमी आहेत आणि तसे नाही असे सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. पण स्कोअरबुक माझ्या हातात असते आणि त्यात धावांच्या शेजारी चेंडूही लिहिलेले असतात. या अकरा डावांत तू 222 चेंडू खेळलास. त्यांतल्या पाच डावांत तू वीस चेंडूंच्या पुढे गेलास, म्हणजे पाच वेळा तू नव्या चेंडूचा पहिला जोर अंगावर घेतलास आणि मग बाद झालास. मैदानावरून परतताना तुला वाटत होते की आपल्याला बॅट धरताच येत नाही. वहीत मात्र तसे लिहिलेले नाही.

बाद होण्याच्या नोंदीही मी एका रात्री जेवणानंतर बसून उतरवून काढल्या. यष्टीमागे किंवा स्लिपमध्ये झेल पाच वेळा, पायचीत दोनदा, त्रिफळाचीत दोनदा, मिड-ऑनला झेल एकदा आणि धावबाद एकदा. धावबाद झालास तेव्हा हाक समोरच्याची होती, ती तुझ्या खात्यावर मांडू नकोस. 61 चेंडू खेळून 23 वर मिड-ऑनला झेल दिलास, तो फटका योग्य चेंडूवरच होता, फक्त बॅट थोडी लवकर फिरली. उरतात यष्टीमागचे पाच झेल, आणि त्यांतले चार पहिल्या दहा चेंडूंच्या आत गेले आहेत. तुझ्या अडचणीचा जो भाग कामाने सुधारता येईल, तो माझ्या मते येथे आहे: डावाच्या सुरुवातीला, ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूकडे हात शरीरापासून दूर जातात. ही खराबी जुनी नाही. मागच्या मोसमात तू हेच चेंडू सहज सोडत होतास. धावा आटल्यापासून पहिली धाव लवकर मिळवण्याची घाई आली आहे आणि ती घाई हातांतून बाहेर पडते आहे.

या तीन महिन्यांत तू बॅट बदललीस, लेग स्टंपचा गार्ड सोडून मधला घेतलास आणि उभे राहण्याची पद्धतही मोकळी केलीस. प्रत्येक बदलामागे कोणाचा ना कोणाचा आपुलकीचा सल्ला होता, हे मला ठाऊक आहे. पण एका वेळी तीन गोष्टी बदलल्या की चौथ्या दिवशी कोणती गोष्ट लागू पडली आणि कोणती नडली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि फलंदाज क्रीजवर उभा राहून चेंडूऐवजी स्वतःच्या पायांकडे पाहू लागतो. रविवारी तुझा जुना लेग स्टंपचा गार्ड घे. जुनी बॅट दुरुस्त होऊन आली असेल तर तीच घे. नव्या सल्ल्याला, अगदी माझ्याही, सामना संपेपर्यंत थांबायला सांग.

आता थोडे आपल्या गावाविषयी. 1952 साली लीड्सच्या कसोटीत भारताच्या दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार गडी बाद अशी अवस्था झाली होती. त्या चार भोपळ्यांतला एक आपल्या बडोद्याच्या दत्ताजी गायकवाडांचा होता आणि ती त्यांची पहिलीच कसोटी होती. त्याच डावात आपल्याच बडोद्याकडून खेळणाऱ्या विजय हजारे यांनी, संघाचे कर्णधार म्हणून, 56 धावा केल्या. सामना आपण हरलो. हजाऱ्यांच्या त्या 56 धावा अनेकांना आठवतात, ते योग्यच आहे, पण तुझ्यासाठी मला दत्ताजींचा भोपळा अधिक महत्त्वाचा वाटतो. पहिल्याच कसोटीत असा भोपळा पदरी पडलेल्या त्या तरुणाने पुढे 1959 मध्ये भारताचे नेतृत्व केले आणि 1959-60 च्या रणजी मोसमात महाराष्ट्राविरुद्ध नाबाद 249 धावा केल्या. त्यांचे चिरंजीव अंशुमान यांनी 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 201 धावा करताना 671 मिनिटे, म्हणजे अकरा तासांहून अधिक काळ, फलंदाजी केली. त्या घराण्याला धीर धरता येत होता, पण धीर धरणाऱ्या माणसांच्या वहीतही शून्ये असतात.

मोहिंदर अमरनाथांचे तर तू ऐकलेच असशील. जून 1983 मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामन्यांचे सामनावीर तेच होते. त्याच वर्षी पुढे वेस्ट इंडीजविरुद्ध मायदेशी सहा कसोटी डावांत त्यांची मिळून एक धाव झाली. पाच शून्ये आणि एक धाव. पुढच्या वर्षी लाहोरला त्यांनी नाबाद 101 धावा केल्या. तुझ्याबाबतीतही असेच होईल, असे मी यावरून म्हणत नाही. ते मला माहीत नाही आणि कोणालाही माहीत नसते. इतकेच म्हणतो की सहा डावांच्या त्या आकड्यांवरून ते कोण होते हे कोणी ठरवले असते तर ते चुकीचे ठरले असते.

रविवारी सकाळी तू पॅड बांधून बसशील तेव्हा सलामीची जोडी खेळत असेल आणि तुझे पोट आवळून येईल. हे बसणेच तुला सगळ्यात अवघड जाते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक अपिलाला दचकून उभा राहू नकोस. झाडाखाली खुर्ची घे, उन्हात डोळे सवयीला यावेत म्हणून मधूनमधून मैदानाकडे पाहा, आणि गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुटतो ती जागा न्याहाळ. धावफलक पाहण्याची गरज नाही, तो मी पाहत असतो. कोणी येऊन "आज तुझा दिवस आहे" असे म्हटले तर मान हलवून हसून घे. ते प्रेमाने म्हणतात, पण त्याचे ओझे तू घेण्याचे कारण नाही. दिवस तुझा आहे की नाही, हे सकाळी कळत नाही. मनात शेवटच्या भोपळ्याचे चित्र आले तर त्याच्याशी भांडू नकोस. त्याला येऊ दे, ग्लोव्ह्जचे पट्टे बांध आणि पुन्हा गोलंदाजाच्या हाताकडे पाहा.

मैदानात जाताना सावकाश चाल. गार्ड घे, खूण कर, क्षेत्ररक्षकांवर एकदा नजर फिरव. त्यानंतरच्या पहिल्या दहा चेंडूंसाठी माझे एकच म्हणणे आहे: ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोड आणि यष्टीवरचा चेंडू डोळ्यांखाली, उशिरा खेळ. दहाव्या चेंडूला तुझ्या नावापुढे शून्य असले तरी माझ्या वहीत ते दहा चेंडू व्यवस्थित लिहिले जातील. पुढे काय करायचे हे तुझ्या हातांना माहीत आहे, त्यांना शिकवत बसू नकोस.

आणि बाद झालास तर. हेही आधीच लिहून ठेवतो, कारण त्या क्षणी तुझ्याशी बोलता येणार नाही. परत येताना बॅट ओढत आणू नकोस, हातात धरून ये. पॅड सोड, पाणी पी, दहा मिनिटे एकटा बस; रडू आले तर येऊ दे, बावीस वर्षांच्या मुलाने रडण्यात लाज नाही. मग उठून बाकीच्यांसोबत बस आणि क्षेत्ररक्षणाची तयारी कर. गेल्या महिन्यात शून्यावर बाद झाल्यानंतर तू पॉइंटला जो झेल घेतलास, तो मी वहीच्या समासात वेगळा टिपून ठेवला आहे. त्या दिवशी तू स्वतःला संघावरचे ओझे म्हणाला होतास. तुझ्या त्या झेलाने त्यांचा सर्वांत चांगला फलंदाज माघारी गेला, हे संघाला चांगले आठवते.

एक गोष्ट घरची. ताईने मला फोन केला होता. तू जेवत नाहीस, रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर स्वतःच्या बाद होण्याचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहतोस, असे ती म्हणाली आणि तिचा आवाज दाटून आला. ते व्हिडिओ आपण दोघे सोमवारी संध्याकाळी माझ्याकडे एकदाच पाहू, दिवा लावून, वही शेजारी ठेवून. तोपर्यंत एकट्याने पाहू नकोस. तिला तुझ्या धावांची काळजी नाही. तू लहानपणी दांडिया बाजारच्या गल्लीत टेनिस बॉलने खेळायचास तेव्हाही ती खिडकीतून फक्त एवढेच विचारायची की लागले का रे कुठे.

संघातली जागा राहील की जाईल, हे निवड करणारे ठरवतील. त्यांनी तुला एक-दोन सामने बाहेर बसवले तर त्यात अपमान मानू नकोस. त्या दिवसांत सकाळी मी तुला थ्रोडाउन देईन, खांदा पूर्वीसारखा राहिला नाही तरी शंभर चेंडू टाकण्याइतका आहे. पण ती पुढची गोष्ट झाली.

शनिवारी रात्री लवकर जेव, साडेदहाला दिवा बंद कर. रविवारी सकाळी सात वाजता मी स्कूटर घेऊन खाली येतो. हॉर्न वाजवणार नाही, तू सावकाश आवरून ये. डबा मामीने दोघांचा करून ठेवायचे म्हटले आहे.

तुझा,
मामा