मृणालला, तासगावहून

तासगाव, १२ नोव्हेंबर

मृणाल,

रविवारी आपण ठरवलं ते ठरलं. ते फिरवायला हे लिहीत नाही. पण फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसता 'हं, हं' करत होतो, त्यात माझं बोलायचं राहूनच गेलं. तुला माहीत आहे, मला फोनवर कधी धड बोलता आलं नाही. साडेचार वर्षं तूच बोललीस आणि मी रेंज शोधत गच्चीवर फिरलो.

परवा आईनं विचारलं, "कुणाचं चुकलं?" मी म्हटलं, कुणाचंच नाही. तिला ते पटलं नाही. भांडण नाही, फसवणूक नाही, मग मोडलं कशासाठी? तिला सांगता आलं नाही ते तुला सांगतो, कारण तुला ते आधीच कळलेलं होतं.

त्या डिसेंबरात मी श्टुटगार्टला आलो होतो, आठवतं? बारा दिवस. तू हौसेनं मला बाड कानश्टाटच्या द्राक्षमळ्यात नेलंस. शहराच्या मधोमध उतारावर बागा, आणि एकाही वेलीला पान नाही. मी वेड्यासारखा काड्यांचे डोळे मोजत बसलो. तुला सांगत होतो, बघ, यांच्या वेली थंडीत झोपतात, वर्षातून एकदा छाटलं की झालं. आमच्या वेलीला झोप नाही, तिला एप्रिलात एकदा छाटायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा. तेवढ्यात आबांचा फोन आला. इकडे ढगाळ होतं, औषध कुठलं मारू विचारत होते. मी त्या उतारावर उभा राहून अर्धा तास फवारणी सांगत होतो. फोन ठेवला तेव्हा तू हातमोजे घालून शांत उभी होतीस. म्हणालीस, "तू इथं आलायस कुठं?" हसून म्हणालीस, पण मला लागलं. कारण खरं होतं.

आणि तूही इथं यायचीस तेव्हा तसंच व्हायचं. ओसरीवर बसून लॅपटॉपवर बॅटरीच्या चाचण्यांचे आकडे बघायचीस, लाईट गेली की कावरीबावरी व्हायचीस. सांगलीत तुझ्या कामाची लॅब नाही, पुण्यात मिळाली असती, पण पुणं म्हणजे तुझंही नाही आणि माझंही नाही. 'मी येते' असं तू गेल्या वर्षी म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसलो त्याचं कारण हे होतं. तू आली असतीस. निभावलंही असतंस. पण रोज संध्याकाळी तुझ्या तोंडाकडे बघून मला अपराधी वाटलं असतं, आणि मी ते रागावून काढलं असतं. मला मी माहीत आहे.

तेव्हा आता देण्याघेण्याचं. तुझी दोन पुस्तकं आणि ती हिरवी ओढणी माझ्याकडे आहे, मिरजेला काकूंकडे देऊन येईन. तिकिटाचे तुझे राहिलेले एकवीस हजार बेदाण्याचे पैसे आले की मार्चमध्ये पाठवतो, नाही म्हणू नकोस. दरवर्षीचा पाच किलो बेदाणाही काकूंना जाईल. त्याचा आपल्याशी संबंध नाही, त्यांना माझा बेदाणा आवडतो.

रात्री साडेदहाला फोन करायचा नाही असं तू म्हणालीस, ते बरोबर आहे. पण एक कबूल करतो. तुमची घड्याळं मागं गेली त्याच रविवारी आपलं हे बोलणं झालं, त्यामुळे साडेदहा म्हणजे तुझे सात की सहा, यात मी अजून घोळ करतो. सहा. तू एस-बानमध्ये असतेस, पायाशी बॅग घेऊन. हे दिसायचं थांबायला वेळ लागेल. वाढदिवसाला मेसेज करू, दुखलंखुपलं कळवू, पण वर्षभर तरी रोजचं काही नको. तुला कुणी भेटलं तर मला दुसऱ्याकडून कळू देऊ नकोस, एवढंच मागतो. मीही सांगेन.

तुझ्यामुळे मी हिशेब लिहायला लागलो, मृणाल. औषधांच्या नोंदी, मजुरी, सगळं तू करून दिलेल्या त्या तक्त्यात अजून भरतो. आबा आधी हसायचे, आता तेच विचारतात, "तक्त्यात काय म्हणतंय?" तुझं नाव न घेता रोज घेतात.

छाटणीचा आज तेहेतिसावा दिवस. फुलोरा चार-पाच दिवसांवर आलाय आणि दुपारपासून आभाळ भरलंय, त्यामुळे पहाटे चारला ब्लोअर काढायचाय. तब्येतीला जप. थंडीत टोपी न घालता हिंडू नकोस.

संकेत

ता. क. माझं काळं जॅकेट तुझ्याकडेच राहिलंय, ते कुणालाही देऊन टाक. फक्त आधी आतला खिसा बघ. त्या मळ्यात खाली पडलेली एक काडी उचलून ठेवली होती, विमानतळावर अडवतील म्हणून आणली नाही. चार डोळ्यांची आहे.