ब्रॉड स्ट्रीटचा पंप, १८५४ : केस स्टडीचा पुनर्रचित मसुदा

तुम्हा दोघांचा मसुदा दोनदा वाचला. लंडनमधली पटकीची साथ, हट्टी डॉक्टर जॉन स्नो, पंपाचा दांडा काढला आणि साथ थांबली, असा ओघ त्यात आहे. वाचणारा शेवटपर्यंत थांबत नाही, हे खरं. पण आरोग्यसेवकांच्या प्रशिक्षणात हा मजकूर द्यायचा, तर वाचणाऱ्याला प्रत्येक टप्प्यावर कळायला हवं की स्नो यांनी काय पाहिलं, ते कसं गोळा केलं आणि त्यावरून काय ठरवलं. तुमच्या मसुद्यात या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात. म्हणून तोच मजकूर चार भागांत लावून परत पाठवतो आहे. माहिती बहुतेक तुमचीच आहे, जागा बदलल्या आहेत. तारखांप्रमाणे आकडे मात्र मी घातले. दांडा काढल्याचा प्रसंग तुम्ही शेवटी ठेवला होता, तो आता निरीक्षणांत तारखेच्या जागी गेला आहे. तिथे तो वेगळाच दिसतो, तेवढं नीट पाहा. चौकटी कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे, छापताना काढून टाका.

प्रस्तावना

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री लंडनच्या सोहो भागात, गोल्डन स्क्वेअरजवळ, पटकीची साथ अचानक भडकली. ब्रॉड स्ट्रीट आणि केंब्रिज स्ट्रीट जिथे मिळतात, तिथून २५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे २३० मीटरच्या आत दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसं दगावली. ज्यांना शक्य होतं ती कुटुंबं घरं बंद करून निघून गेली.

पटकी कशामुळे पसरते, याबद्दल त्या काळी बहुतेक डॉक्टर आणि अधिकारी यांचं एकच मत होतं : कुजणाऱ्या घाणीतून उठणारी दूषित हवा. जॉन स्नो यांनी १८४९ मध्येच एक पुस्तिका काढून वेगळं मत मांडलं होतं. आजाराची सुरुवात आतड्यांपासून होते, तेव्हा त्याचं विष तोंडावाटे पोटात जात असावं आणि रुग्णाच्या मैल्यातून ते पिण्याच्या पाण्यात उतरत असावं, असं त्यांचं म्हणणं. ते फार कुणी स्वीकारलं नव्हतं.

या अभ्यासापुढचा प्रश्न मर्यादित आहे : सोहोतले मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या सार्वजनिक पंपाच्या पाण्याशी जोडता येतात का?

[स्नो यांचा जन्म, शिक्षण, राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात दिलेला क्लोरोफॉर्म हे सगळं काढलं. माहिती खरी आहे, पण वरच्या प्रश्नाला तिचा उपयोग नाही. पटकीचा जंतू दाखवणाऱ्या रॉबर्ट कॉख यांचं नावही इथून काढलं. १८८० च्या दशकातलं ज्ञान प्रस्तावनेत आणलं की वाचणाऱ्याला उत्तर आधीच कळतं आणि स्नो यांचे कष्ट त्याला दिसत नाहीत.]

पद्धती

स्नो यांनी जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातून त्या भागातल्या पटकीच्या मृत्यूंची यादी मिळवली. २ सप्टेंबरला संपलेल्या आठवड्यात गोल्डन स्क्वेअर, बर्विक स्ट्रीट आणि सेंट ॲन या तीन उपविभागांत ८९ मृत्यू नोंदले गेले होते. त्यांपैकी पहिल्या चार दिवसांतले ६ साथ भडकण्यापूर्वीचे मानून बाजूला ठेवले. उरले ८३.

या ८३ मृत्यूंच्या पत्त्यांवर जाऊन त्यांनी घरच्यांना, ते नसतील तर शेजाऱ्यांना, मृत व्यक्ती पिण्याचं पाणी कुठून घेत होती ते विचारलं. प्रत्येक पत्त्याला जवळचा पंप कोणता, हेही पाहिलं. ज्या घरांना दुसरा पंप स्पष्टपणे जवळ होता, त्यांची चौकशी वेगळी केली. या पायरीवर तुमच्या मसुद्यात अर्धं वाक्य होतं, पण सबंध अभ्यासाचा भार तिच्यावरच आहे.

याशिवाय, पंपाच्या शेजारी असूनही जिथे मृत्यू कमी होते किंवा नव्हतेच अशा जागा, आणि पंपापासून दूर असूनही जिथे मृत्यू झाला अशी घरं, यांची त्यांनी स्वतंत्र विचारपूस केली. पंपाचं पाणीही तपासून पाहिलं.

मृत्यू छोट्या काळ्या रेघांनी दाखवणारा प्रसिद्ध नकाशा तपासाच्या वेळी हाती नव्हता. तो डिसेंबर १८५४ मध्ये मांडला गेला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत छापला गेला. म्हणून तो इथे माहिती मांडण्याचं साधन म्हणून धरला आहे, शोधाचं साधन म्हणून नाही.

[तुम्ही लिहिलं होतं, "नकाशा पाहताच स्नो यांना पंप दिसला." हे वाक्य पुष्कळ ठिकाणी असंच सापडेल, तरी ठेवू नका. त्यांना आधीपासून पाण्याचा संशय होता आणि ते घरोघर गेले. आपल्या आरोग्यसेवकांनी तेच करायला हवं, म्हणून हा क्रम चुकता कामा नये.]

निरीक्षणे

८३ मृत्यूंपैकी ७३ ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वांत जवळ असलेल्या घरांतले होते. त्या ७३ पैकी ६१ जण या पंपाचं पाणी नेहमी किंवा अधूनमधून पीत, असं घरच्यांनी सांगितलं. ६ जण ते पीत नव्हते. उरलेल्या ६ जणांबद्दल माहिती मिळाली नाही.

दुसरा पंप जवळ असलेल्या घरांतले मृत्यू १० होते. त्यांपैकी ५ जणांच्या घरी पाणी मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरून आणलं जाई, कारण ते अधिक आवडे. ३ मुलं होती, त्यांची शाळा पंपाजवळ होती. दोघं ते पाणी पीत असल्याचं नक्की समजलं, तिसऱ्याच्या आईवडिलांना तसं वाटत होतं. उरलेल्या दोघांचा पंपाशी संबंध लागला नाही.

पोलंड स्ट्रीटच्या अनाथ-निराधारांच्या आश्रमात ५३५ माणसं राहत होती. भोवतालच्या घरांत मृत्यू होत असताना तिथे पटकीने ५ जण गेले. आश्रमाच्या आवारात स्वतःची विहीर होती आणि शिवाय पाणी कंपनीचा नळ होता. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून तिथे पाणी येत नसे. ब्रॉड स्ट्रीटवरच्याच दारूभट्टीत ७० हून अधिक कामगार होते, त्यांतलं कुणी दगावलं नाही. त्यांना रोज बिअर मिळे आणि भट्टीची स्वतःची खोल विहीर होती. मालकाच्या मते ते रस्त्यावरच्या पंपाचं पाणी पीतच नसत. याउलट ३७, ब्रॉड स्ट्रीट इथल्या बंदुकीच्या टोप्यांच्या कारखान्यात सुमारे २०० कामगारांसाठी याच पंपाच्या पाण्याची पिंपं भरून ठेवलेली असत. तिथले १८ जण गेले.

हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा बाई २ सप्टेंबरला पटकीने वारली. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहत असे आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज गाडीतून एक मोठी बाटली मागवत असे. ३१ ऑगस्टला आलेलं पाणी ती त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्यायली. तिच्याकडे आलेली पुतणी तेच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परतली आणि तीही वारली. त्या वेळी दोघींच्याही वस्तीत पटकी नव्हती.

पंपाच्या पाण्यात डोळ्यांना फारसं काही दिसलं नाही. बारीक पांढुरके कण होते, पण तेवढ्यावरून काही ठरवता येत नव्हतं.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नो यांनी परगण्याच्या विश्वस्त मंडळापुढे आपली माहिती ठेवली. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. जे रुग्ण पुढे दगावले त्यांच्या आजाराची सुरुवात आणि मृत्यू, तारखांप्रमाणे असे :

| तारीख | आजार सुरू | मृत्यू |
|---|---|---|
| ३१ ऑगस्ट | ५६ | ३ |
| १ सप्टेंबर | १४३ | ७० |
| २ | ११६ | १२७ |
| ३ | ५४ | ७६ |
| ४ | ४६ | ७१ |
| ५ | ३६ | ४५ |
| ६ | २० | ३७ |
| ७ | २८ | ३२ |
| ८ (दांडा काढला) | १२ | ३० |
| ९ | ११ | २४ |
| १० | ५ | १८ |

स्नो यांच्या संपूर्ण कोष्टकात, आजार सुरू झाल्याची तारीख न कळलेले ४५ धरून, एकूण ६१६ मृत्यू आहेत.

[या भागात "म्हणून", "यावरून सिद्ध होतं", "अर्थातच" हे शब्द येऊ दिले नाहीत. तुमच्या मसुद्यात दारूभट्टीच्या पाठोपाठ "पाणीच दोषी होतं हे उघड झालं" असं होतं. ते पुढे नेलं आहे.]

चर्चा

पंपाजवळच्या घरांत मृत्यू जास्त होते, एवढ्याने पाणी दोषी ठरत नाही. दूषित हवा मानणाराही म्हणेल की घाण त्याच जागी होती. स्नो यांच्या बाजूने खरं वजन पडतं ते अपवादांचं. आश्रम आणि दारूभट्टी त्याच हवेत होती, पण तिथलं पाणी वेगळं होतं, आणि तिथली बहुतेक सगळी माणसं वाचली. हॅम्पस्टेडची बाई आणि इस्लिंग्टनची पुतणी यांची हवा वेगळी, पाणी मात्र पंपाचं. त्या दोघी गेल्या. एकाच स्पष्टीकरणात ही दोन्ही टोकं बसतात आणि ते पाण्याचं आहे. दूर राहणाऱ्या पाच कुटुंबांनी चवीसाठी तेच पाणी आणणं याच बाजूला जातं.

दांडा काढल्यामुळे साथ थांबली, असं मात्र या आकड्यांवरून म्हणता येत नाही. नव्या आजारांची संख्या १ सप्टेंबरला सर्वाधिक होती आणि ८ तारखेपर्यंत १२ वर आली होती. स्नो यांनी स्वतः हे मोकळेपणाने लिहिलं आहे : लोक गाव सोडून गेले होते, आजार आधीच ओसरत होता, त्यामुळे विहिरीतलं विष तोवर टिकून होतं की नाहीसं झालं होतं हे ठरवता येत नाही. त्यांच्या पुराव्याची ताकद दांड्यावर अवलंबून नाही, म्हणून हे मान्य करताना त्यांचं काही गमावत नाही.

दोन मर्यादा आहेत. मृतांनी काय प्यायलं याची चौकशी झाली, पण आजारी न पडलेल्या किती जणांनी तेच पाणी प्यायलं हे या टप्प्यावर घरोघर विचारलं गेलं नाही. आश्रम आणि दारूभट्टी ही तुलना काही अंशी भरून काढतात, पूर्णपणे नाही. दुसरं म्हणजे, पाण्यात नेमकं काय होतं ते कुणाला दाखवता आलं नाही.

पहिली उणीव हेन्री व्हाइटहेड यांनी पुढे बरीच भरून काढली. ते त्याच भागातल्या चर्चचे तरुण धर्मगुरू होते, घराघरांत त्यांची ओळख होती, आणि स्नो यांचं म्हणणं खोडायच्या इराद्याने त्यांनी चौकशी सुरू केली होती. त्यातून ते उलट स्नो यांच्याच मताचे झाले. ४०, ब्रॉड स्ट्रीट इथलं एक तान्हं मूल २८ ऑगस्टला आजारी पडून २ सप्टेंबरला गेलं होतं, आणि आईने त्याच्या दुपट्यांचं धुण्याचं पाणी घरापुढच्या मैलाखड्ड्यात ओतलं होतं, हे त्यांनी शोधलं. १८५५ मध्ये खोदून पाहिलं तेव्हा तो खड्डा विहिरीपासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर निघाला. त्याच्या विटा ढासळल्या होत्या. साथ अचानक का भडकली आणि आपोआप का ओसरू लागली, या दोन्ही गोष्टी याने जुळतात : मूल गेलं आणि खड्ड्यात नवा मैला पडणं थांबलं.

याच घरात मुलाचे वडील ८ सप्टेंबरला आजारी पडले, म्हणजे दांडा काढला त्याच दिवशी. त्यांचा मैलाही त्याच खड्ड्याकडे जाऊ शकत होता. दांड्याने पहिली साथ थांबवली असं म्हणता येत नाही, पण दुसरी टाळली असण्याची शक्यता दिसते.

[या परिच्छेदासाठी तुमचा शेवट मी काढला. तुम्हाला दांड्याने साथ थांबवल्याचं लिहायचं होतं. आकडे तेवढं बोलत नाहीत, पण वडिलांच्या आजाराची तारीख त्याच दिवशी येते हे तुमच्याच टिपणात होतं, चौथ्या पानावर, सुटं पडलेलं. हा मसुदा बुधवारपर्यंत वाचा. कोष्टकातली ३१ ऑगस्ट ते १० सप्टेंबरची बेरीज दोघांनी वेगवेगळी करून मला सांगा, आजारांची आणि मृत्यूंची.]