दिवेआगर–हरिहरेश्वर सहल : खिडकीच्या सीटची सोडत

पुणे, २ जानेवारी २०२७

सप्रेम नमस्कार,

शनिवार-रविवार, १६ व १७ जानेवारीच्या सहलीसाठी पैसे भरताना बहुतेकांनी "खिडकी मिळेल ना?" असं विचारलं आहे. आधी पैसे भरणाऱ्याला खिडकी, हा नियम आम्हाला पटत नाही. म्हणून सोडत काढणार आहोत.

बस २ बाय २, ४१ सीटची आहे. चार-चार सीटच्या नऊ ओळी आणि मागे पाच जणांचा बाक. बाक आमच्या माणसांसाठी व खाऊच्या खोक्यांसाठी. पहिली ओळ गाडी लागणाऱ्यांसाठी आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी राखीव. समोरचा रस्ता दिसत राहिला की मळमळ कमी होते. या चार सीटसाठी शुक्रवार, ८ तारखेपर्यंत कळवा.

उरले ३२ प्रवासी, म्हणजे १६ जोड्या. प्रत्येक जोडीला एक खिडकी आणि शेजारची आतली सीट. एकट्या येणाऱ्यांच्या जोड्या त्यांना विचारूनच लावू. महिलांसोबत महिलाच असतील.

सोडत रविवार, १० तारखेला संध्याकाळी ६ वाजता आमच्या कोथरूडच्या कार्यालयात. एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या १६ चिठ्ठ्या सर्वांसमोर मोजून स्टीलच्या डब्यात टाकू. चिठ्ठीवर ओळ आणि बाजू असेल : "४, दाराची" किंवा "७, ड्रायव्हरची". चौघांची तीन कुटुंबं आहेत, ती आधी उचलतील. त्यांनी एक चिठ्ठी काढली की त्याच ओळीची दुसरी त्यांनाच देऊ. त्यांना मागे ठेवलं तर समोरची बाजू आधीच गेलेली असते आणि मग घरचीच माणसं दोन टोकांना बसतात. जे येऊ शकणार नाहीत त्यांची चिठ्ठी हजर असलेलं एखादं लहान मूल उचलेल. तक्ता त्याच रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू.

जोडीतल्या दोघांनी प्रत्येक थांब्यानंतर आपसात जागा बदलायची आहे. पहिला चहा ताम्हिणी गावात आहे, त्यामुळे एकाला मुळशीचं पाणी, दुसऱ्याला घाट.

खरी अडचण रविवारी सकाळची. दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाताना समुद्र अगदी रस्त्याला लागून, पण फक्त उजवीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला. म्हणून शेखाडीला २० मिनिटं गाडी थांबवू आणि तिथून पहिली ओळ सोडून सगळ्या प्रवाशांनी बाजू आणि ओळ दोन्ही बदलायच्या. ११ मधून आपली ओळ वजा करा : दुसरीतले नववीत, चौथीतले सातवीत, दाराकडचे ड्रायव्हरकडे. मागच्या चाकांवरचे धक्केही त्यामुळे एकाच्याच वाट्याला दोन दिवस येत नाहीत. या गाडीत सहाव्या ओळीत दाराकडे खिडकीचा खांब आडवा येतो, तोही अर्ध्याच प्रवासापुरता.

राजीखुशीने अदलाबदल करायची असेल तर जरूर करा, फक्त गाडी सुटण्याआधी व्यवस्थापकाला सांगा. माणसं मोजताना तक्ता आणि सीट जुळली नाही की गाडी तिथेच अडकून पडते. कुणी ऐनवेळी रद्द केलं तर जोडीदाराची सीट तीच राहील. रिकाम्या जागी सामान ठेवून ती अडवू नये.

गाडी शनिवारी सकाळी ६ वाजता कर्वे पुतळ्याजवळून सुटेल. पाच मिनिटं आधी यावं.

आपले,
सहल आयोजक